दाताच्या दवाखान्यात काम शिकलात? मग डॉक्टरांकडून शिफारसपत्र असं घ्या

तालुक्याच्या गावातल्या दाताच्या दवाखान्यात एक चित्र हमखास दिसतं. डॉक्टर खुर्चीवरच्या पेशंटच्या तोंडात बघत असतात आणि बाजूला एक मुलगी किंवा मुलगा न सांगता योग्य ते इन्स्ट्रुमेंट हातात देत असतो. बारावीनंतर नंबर लावायला, झाडलोट करायला म्हणून कामाला लागलेली ही मुलं बघता बघता सगळं शिकतात. कोर्स नाही, सर्टिफिकेट नाही, पण हात बसलेला असतो.

अडचण येते ती दवाखाना सोडताना. लग्न होऊन दुसऱ्या गावी जावं लागतं किंवा शहरात जास्त पगाराची जागा निघते. नवीन डॉक्टर विचारतात, "शिक्षण काय?" उत्तर "बारावी". लगेच नवशिक्याचा पगार सांगितला जातो. चार वर्षांचं शिकणं कागदावर नसल्यामुळे हिशेबातच धरलं जात नाही. हे शिकणं कागदावर आणायचं एकच साधन हातात असतं, ते म्हणजे जुन्या डॉक्टरांचं शिफारसपत्र.

"मेहनती आणि प्रामाणिक" एवढ्याने भागत नाही

बहुतेक पत्रं अशी असतात: "यांनी आमच्याकडे चार वर्षे काम केले. त्या मेहनती व प्रामाणिक आहेत. त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा." यात खोटं काही नाही. पण हेच पत्र मेडिकलमध्ये काम करणाऱ्याला चालेल आणि कापडाच्या दुकानात काम करणाऱ्यालाही. नवीन डॉक्टरांना जे हवं असतं ते यात कुठेच नसतं.

त्यांना तीन गोष्टी कळायला हव्या असतात. ही व्यक्ती कोणतं काम एकटी करते? कोणतं काम डॉक्टरांसोबत करते? आणि कोणतं काम अजिबात करत नाही? चांगलं पत्र या तीन प्रश्नांची उत्तरं देतं.

एक उदाहरण घेऊ

समजा, एका ताईने तालुक्याच्या गावी, एक खुर्ची असलेल्या दवाखान्यात चार वर्षं काम केलं आणि आता ती पुण्याला चालली आहे. तिच्या डॉक्टर मॅडमनी द्यायचं पत्र साधारण असं असावं:

*दिनांक: ________*

*प्रति, संबंधित डॉक्टर / संस्था*

*श्रीमती ________ यांनी माझ्या दवाखान्यात १ जून २०२१ ते ३१ मे २०२५ या काळात सहाय्यक म्हणून पूर्णवेळ काम केले. त्यांनी दंतसहाय्यकाचा कोर्स केलेला नाही. त्या सर्व काम येथेच शिकल्या.*

*पुढील कामे त्या माझ्या देखरेखीशिवाय नीट करतात: वापरलेली इन्स्ट्रुमेंट धुणे, सुकवणे, पाऊचमध्ये भरणे व ऑटोक्लेव्ह लावणे, दोन पेशंटच्या मध्ये खुर्ची व ट्रे तयार करणे, दवाखान्याचा कचरा रंगाप्रमाणे वेगळा करणे, अपॉइंटमेंट व सामानाची नोंद ठेवणे.*

*पुढील कामे त्या माझ्यासोबत खुर्चीजवळ करतात: सक्शन धरणे, रूट कॅनाल, दात काढणे व फिलिंगच्या वेळी इन्स्ट्रुमेंट देणे, सिमेंट व मापाचे अल्जिनेट कालवणे.*

*इंजेक्शन देणे, दातांची सफाई (स्केलिंग), दात काढणे, फिलिंग करणे किंवा औषध सांगणे ही कामे त्यांनी कधीही केलेली नाहीत.*

*एकदा ऑटोक्लेव्हमधून काढलेल्या पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदललेला नाही, हे त्यांच्या लक्षात आले. पेशंट खोळंबलेले असतानाही त्यांनी तो ट्रे वापरायला दिला नाही व मला सांगितले. झाकणाचे रबर खराब झाल्याचे आढळले. त्या दिवशीच्या दोन पेशंटना दुसऱ्या दिवशीची वेळ दिली.*

*दुसऱ्या गावी राहायला जात असल्याने त्या काम सोडत आहेत. त्यांना खुर्चीजवळच्या सहाय्यकाचे काम द्यावे, अशी माझी शिफारस आहे. अधिक माहितीसाठी मला फोन करावा.*

*डॉक्टरांचे नाव, पदवी, दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक, फोन, सही, शिक्का*

आता यातलं एकेक वाक्य नवीन डॉक्टरांना काय सांगतं ते बघू.

ऑटोक्लेव्हचं वाक्य सगळ्यात मोलाचं

एका पेशंटच्या रक्तातला हिपॅटायटिस बी सारखा आजार इन्स्ट्रुमेंटवरून दुसऱ्याला जाऊ शकतो. म्हणून वाफेवर चालणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला साधारण १५ ते २० मिनिटं इन्स्ट्रुमेंट ठेवतात. पाणी गरम होऊन तेवढा दाब येईपर्यंतचा वेळ यात धरायचा नाही. वेळ मोजायची ती दाब आल्यानंतर. नवशिका नेमका इथेच चुकतो, बटण दाबलं की घड्याळ बघायला लागतो. दुसरी चूक म्हणजे इन्स्ट्रुमेंट न घासता तशीच आत टाकणं. वर वाळलेलं रक्त राहिलं की वाफ खालपर्यंत पोचत नाही. तिसरी चूक म्हणजे पाऊच दाटीवाटीने कोंबणं.

पाऊचवरची पट्टी वाफ लागली की रंग बदलते. रंग बदलला नाही म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. पत्रातला प्रसंग म्हणूनच कामाचा आहे. ताईला पट्टी वाचता येते आणि गर्दीतही ती "थांबा" म्हणते, या दोन्ही गोष्टी त्यातून कळतात. "प्रामाणिक" हा शब्द न वापरता प्रामाणिकपणा दिसला. तुमच्या डॉक्टरांना पत्र मागाल तेव्हा असा एक खरा प्रसंग त्यांना आठवून द्या.

कचऱ्याचं वाक्यही असंच आहे. रक्ताचा कापूस व काढलेला दात पिवळ्या पिशवीत, हातमोजे व सक्शनची नळी लाल पिशवीत, सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्या खोक्यात, हे ज्याला पाठ आहे त्याला नव्या दवाखान्यात पहिल्या दिवसापासून काम देता येतं.

कालवण्यावरून हात ओळखतात

पत्र वाचून झाल्यावर नवीन डॉक्टर बहुधा एक-दोन दिवस काम करून बघायला सांगतात. तेव्हा पत्रातलं प्रत्येक वाक्य तपासलं जातं. दाताचं माप घ्यायचं अल्जिनेट कालवायला दिलं, तर मिनिटभरात गुठळी न राहता मऊ लगदा झाला पाहिजे. उन्हाळ्यात टाकीचं कोमट पाणी घेतलं तर ते ट्रेमध्ये भरायच्या आतच घट्ट होतं. हात बसलेला माणूस न सांगता गार पाणी घेतो. फिलिंगचं ग्लास आयोनोमर सिमेंट कालवलं की त्यावर चमक असते. चमक गेल्यावर ते दाताला नीट चिकटत नाही, मग ते टाकून नवीन कालवावं लागतं. हे येत असेल तरच पत्रात लिहून घ्या. येत नसलेलं काम पत्रात असलं, तर ट्रायलच्या दिवशी पत्राच्या बाकी वाक्यांवरचाही विश्वास जातो.

"काय करत नाही" हे का लिहायचं?

बऱ्याच जणांना वाटतं की हे लिहिल्याने आपली किंमत कमी होईल. खरं तर उलट आहे. काही डॉक्टर चांगल्या मनाने लिहून देतात, "या सफाई, फिलिंग, दात काढणे सर्व करू शकतात." हे पत्र घेऊ नका.

दंतवैद्यकाचं काम नोंदणी नसलेल्या माणसाने करणं हा गुन्हा आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने दात साफ करणाऱ्या डेंटल हायजिनिस्टचीही वेगळी नोंदणी ठरवली. म्हणजे स्केलिंगसुद्धा न शिकलेल्या सहाय्यकाचं काम नाही. "सर्व करू शकतात" असं पत्र म्हणजे तुमच्याविरुद्धचा लेखी पुरावा आणि डॉक्टरांच्या विरुद्धचाही. शहाणा डॉक्टर ते वाचून तुम्हाला ठेवणारच नाही. आणि अशा पत्रावर गावात खोली घेऊन कुणी दात काढायला बसला, तर जबड्यात पू पसरलेला पेशंट शेवटी जिल्ह्याच्या दवाखान्यात जातो. तेव्हा "मी करत नाही" हे वाक्य तुमचं आणि पेशंटचं, दोघांचं संरक्षण आहे.

पत्र मागायचं कसं?

काम सोडायच्या महिनाभर आधी मागा. शेवटच्या दिवशी घाईत मागितलं की "मेहनती व प्रामाणिक" एवढंच मिळतं. एका कागदावर तीन रकाने करा: एकटी करते ती कामं, डॉक्टरांसोबत करते ती कामं, करत नाही ती कामं. त्याखाली कामाला लागल्याची तारीख आणि एक प्रसंग लिहा. तो कागद डॉक्टरांना द्या आणि म्हणा, "मॅडम, यातलं तुम्हाला पटतं तेवढंच लिहा." डॉक्टरांचं काम सोपं होतं आणि खोटं काही जात नाही. शहरात जाणार असाल तर तेच पत्र इंग्रजीतही मागून घ्या.

हातात आल्यावर चार गोष्टी बघा: सुरुवातीची व शेवटची तारीख, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, चालू असलेला फोन नंबर आणि सही-शिक्का. फोन नंबर नसेल तर खात्री कुणाकडे करायची? मूळ पत्र कुणाला देऊ नका, झेरॉक्स द्या. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. काही कारणाने डॉक्टर शिफारस करायला तयार नसतील, तर निदान तारखा व कामं लिहिलेलं साधं अनुभवपत्र मागा. शिफारस ही त्यांची मर्जी असते, पण काम केल्याची नोंद मागण्यात गैर काही नाही.

पत्राच्या पुढे काय?

शिफारसपत्र म्हणजे कोर्सचं सर्टिफिकेट नव्हे. सरकारी भरतीत ठरलेली पात्रता मागितली असेल तर त्या जागी हे चालणार नाही. मात्र प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करत शिकलेल्यांची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देण्याची सोय आहे. तिला 'रिकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग' म्हणतात. आपल्या कामासाठी बॅच सध्या चालू आहे का, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारा. तिथे जाताना हे पत्र सोबत न्या. किती वर्षं आणि नेमकं काय काम केलं, हे तिथेही सांगावं लागतं.