n शिरोबिंदू, n - 1 कडा: इंडक्शन कुठे घसरतं

पीएच.डी.च्या मुलाखतीत मला फळ्यापाशी उभं करून सांगितलं गेलं, "जोडलेल्या ग्राफमध्ये n शिरोबिंदू आणि n - 1 कडा असतील तर तो ट्री असतो, हे सिद्ध करा." मी खूश झालो. एम.एस्सी.ला हेच लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. चार ओळी लिहिल्या आणि मागे वळलो, तर प्रश्न आला, "हे तुम्ही सगळ्या ग्राफसाठी सिद्ध केलंत का?" मला प्रश्नच कळला नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

आधी विधान नीट पाहू. ट्री म्हणजे असा ग्राफ जो जोडलेला आहे, म्हणजे कुठूनही कुठेही जाता येतं, आणि ज्यात एकही चक्र नाही. व्याख्येत कडांची संख्या कुठेच नाही. विधान सांगतं की जोडलेपणा माहीत असेल तर चक्रं शोधत बसू नका, कडा मोजा. छोट्या ग्राफवर हे तपासता येतं. नावं दिलेले ४ शिरोबिंदू घ्या. त्यांच्यात जास्तीत जास्त ६ कडा, त्यातल्या ३ निवडायच्या, म्हणजे एकूण २० ग्राफ. त्यात १२ सरळ रेषेसारखे आणि ४ चांदणीसारखे (एक मध्यभागी, बाकी तिघे त्याला जोडलेले). हे सोळाही ट्री. उरलेले ४ म्हणजे एक त्रिकोण आणि बाजूला एकटा पडलेला बिंदू. त्यांच्यात चक्र आहे, पण ते जोडलेलेही नाहीत.

आता माझ्या त्या चार ओळी. "k शिरोबिंदूंसाठी विधान खरं माना. असा एक ग्राफ घ्या. त्याला एक नवा शिरोबिंदू एका कडेने जोडा. नव्या बिंदूला एकच कड असल्याने चक्र तयार होत नाही. म्हणून k + 1 साठीही खरं."

यातलं प्रत्येक वाक्य, शेवटचं सोडून, बरोबर आहे. गडबड ही की मी फक्त *मी बनवलेल्या* ग्राफबद्दल बोललो. k + 1 शिरोबिंदूंचा प्रत्येक ग्राफ असा एक बिंदू चिकटवूनच तयार होतो, हे कुठे दाखवलं?

हा नुसता काटेकोरपणा नाही. याच पद्धतीने एक चक्क खोटं विधान "सिद्ध" होतं: २ किंवा अधिक शिरोबिंदूंच्या ग्राफमध्ये प्रत्येकाला निदान एक कड असेल, तर ग्राफ जोडलेला असतो. २ बिंदूंसाठी खरं. पुढे, जोडलेल्या ग्राफला नवा बिंदू आणा, त्याला निदान एक कड द्या, ग्राफ जोडलेलाच राहतो. झालं सिद्ध! आणि इकडे ४ बिंदू आणि दोन सुट्या कडा आपल्याकडे बघत बसलेत. त्यातला कुठलाही बिंदू काढला की त्याचा जोडीदार एकटा पडतो, म्हणजे हा ग्राफ ३ बिंदूंच्या योग्य ग्राफमधून कधीच येत नाही.

उपाय एकच, दिशा उलटी करा. मोठा ग्राफ घ्या, कुठलाही, आणि त्यातून एक बिंदू *काढा*. एका शिरोबिंदूसाठी विधान उघड आहे. आता n ≥ 2, ग्राफ जोडलेला, कडा n - 1. काढायला एकच कड असलेला बिंदू हवा, आणि तो आहे हे सिद्ध करावं लागतं. सगळ्या डिग्रींची बेरीज कडांच्या दुप्पट, म्हणजे 2n - 2. प्रत्येकाची डिग्री २ किंवा जास्त असती तर बेरीज किमान 2n झाली असती. म्हणून कुणा एका v ची डिग्री २ पेक्षा कमी आहे. ती शून्य असू शकत नाही, कारण ग्राफ जोडलेला आहे आणि त्यात आणखी बिंदू आहेत. म्हणजे ती नेमकी १.

v काढा. उरलेल्या कुठल्याही दोन बिंदूंमधला मार्ग v मधून जात नव्हता, कारण आत येऊन बाहेर पडायला दोन कडा लागतात. म्हणजे उरलेला ग्राफ जोडलेलाच, त्यात n - 1 शिरोबिंदू आणि n - 2 कडा. इंडक्शनने तो ट्री. आता v परत ठेवा. चक्रातल्या प्रत्येक बिंदूला चक्राच्याच दोन कडा असतात, v कडे एकच आहे, म्हणून नवं चक्र नाही. इथे सिद्धता पूर्ण होते.

माझ्या जुन्या उत्तरात डिग्रींची बेरीज कुठेच नव्हती. खरं काम तिथेच आहे, आणि मी नेमकं तेच वगळलं होतं.

"जोडलेला" ही अट कुठे लागली ते पाहायचं असेल तर हीच सिद्धता त्या त्रिकोण-अधिक-एकट्या-बिंदूवर चालवून बघा. डिग्री २, २, २, ०. बेरीज ६, बरोबर 2n - 2. कमी डिग्रीचा बिंदू मिळतोही, पण तो शून्यवाला. तो काढला की हातात ३ शिरोबिंदू आणि ३ कडा उरतात, आणि इंडक्शनचं गृहीतक त्यांना लागूच होत नाही.