संत्र्याचा व्हिडिओ: पहिल्या तीन सेकंदांत काय दाखवायचं?



आंबिया बहाराची फळं थेट नागपूर-पुण्याच्या ग्राहकाला विकायची म्हणून आपले बरेच सभासद मोबाईलवर व्हिडिओ टाकतात. एका सभासदाचा असाच व्हिडिओ आम्ही घड्याळ लावून पाहिला. आधी बगिच्यावरून फिरणारा कॅमेरा आणि गाणं, मग "नमस्कार मित्रांनो", नाव, गाव, तालुका. हातात फळ आलं ते एकविसाव्या सेकंदाला! तोवर माणूस बोटानं पुढे सरकवून मोकळा होतो. शहरातला ग्राहक तुम्हाला ओळखत नाही, म्हणून नावासाठी तो थांबत नाही.

मग तो कशासाठी थांबतो? त्याच्या मनात आधीपासून असलेल्या शंकेसाठी. याच सभासदाला जे थोडे फोन आले, त्यात जवळपास प्रत्येकानं विचारलं, "संत्रे हिरवे दिसतात, आंबट तर नाहीत ना?" हाच प्रश्न व्हिडिओच्या तोंडाशी ठेवायचा. आपल्याला माहीत आहे की रात्रीची थंडी चांगली पडल्याशिवाय साल केशरी होत नाही, पण आत गोडी आधीच भरलेली असू शकते. ग्राहकाला हे कोणी सांगितलेलं नसतं.

नवा व्हिडिओ 25 सेकंदांचा, असा बांधला:

*0 ते 3 सेकंद:* हिरवट संत्रा हातात, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ. अंगठा सालीत शिरतो आणि आतली केशरी फोड दिसते. वर मोठ्या अक्षरांत: "हिरवा संत्रा आंबट असतो?" गाणं नाही, नमस्कार नाही.

*3 ते 11 सेकंद:* फोड दाबून रस रिफ्रॅक्टोमीटरवर टाकायचा आणि जो आकडा येईल तो दाखवायचा. रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर घरातल्या लेकराला फोड खायला द्या, पण नाटक नको. सोबत एकच वाक्य: "साल थंडीनं रंगते, गोडी आधी भरते."

*11 ते 19 सेकंद:* आता तुम्ही. झाडाजवळ उभं राहून नाव, आर्वी तालुका आणि फळ कधी तोडलं ते सांगा. शंका फिटली की माणूस हे ऐकून घेतो.

*19 ते 25 सेकंद:* भरलेली पेटी. "5 किलो, घरपोच इतके रुपये, अमुक तारखेपर्यंत" आणि व्हॉट्सॲप नंबर. मागणी एकच करा. फोनही करा, पेजही फॉलो करा, पुढेही पाठवा, असं तिन्ही सांगितलं की काहीच होत नाही.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. प्रत्येक हिरवं फळ पिकलेलं नसतं. शूटिंगआधी चार-पाच वेगवेगळ्या झाडांची फळं चाखून पाहा. कच्चा माल असताना हा व्हिडिओ टाकला, तर पहिली पेटी आंबट निघेल आणि तो ग्राहक परत येणार नाही. व्हिडिओत दाखवलेलं फळ आणि पेटीतलं फळ एकाच तोडणीचं असावं.

शूटिंग करताना फोन उभा धरा आणि आधी लेन्स रुमालानं पुसा. सकाळचं कोवळं ऊन चांगलं. भरदुपारी फळावर पांढरी चमक येते. अंगठा सालीत जाण्याचा शॉट तीन-चार फळांवर घ्या, कारण व्हिडिओ त्यावरच तगतो. पुष्कळ जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून मुख्य वाक्य पडद्यावर लिहिलेलं हवं. अक्षरं मधल्या भागात ठेवा. रील्समध्ये खालचा भाग नावानं आणि मजकुरानं झाकला जातो, उजवी कड बटणांनी. नंबर खालीच लिहिला तर तो दिसतच नाही. व्हिडिओतला नंबर बोटानं दाबता येत नाही, तेव्हा तोच नंबर सोबतच्या मजकुरातही टाका.

चुकलं कुठं, हे कसं कळेल? यूट्यूब शॉर्ट्सवर तुमच्या व्हिडिओच्या आकडेवारीत किती जणांनी पाहिला आणि किती जणांनी सरकवला ते दिसतं, आणि लोक कुठल्या सेकंदाला गेले त्याची रेषही दिसते. रेष सुरुवातीलाच कोसळली तर पहिला शॉट बदला. लोक शेवटपर्यंत थांबले आणि तरी मेसेज नाहीत, तर भाव, घरपोच खर्च किंवा नंबर तपासा. व्हॉट्सॲप स्टेटसवर फक्त कोणी पाहिलं ते कळतं, कुठे सोडलं ते नाही. त्यासाठी एक साधी युक्ती करता येते. दोन वेगळ्या सुरुवातीचे व्हिडिओ करा. एकात "संत्रा 1" असं लिहून पाठवा म्हणा, दुसऱ्यात "संत्रा 2". कोणत्या व्हिडिओवरून मागणी आली ते मेसेजच सांगतील.

ज्यांची तोडणी जवळ आली आहे त्यांनी पहिल्या तीन सेकंदांचा शॉट आधी कंपनीच्या ग्रुपवर टाकावा. पूर्ण व्हिडिओची घाई नको.