गरम पॅकला वारा की पाणी?

मे महिन्यातली दुपार होती. नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या एका चार्जिंग स्टेशनवर दोन इलेक्ट्रिक गाड्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या आणि बाहेर ४४ अंश तापमान होतं. पहिल्या गाडीत कोणी बसलेलं नव्हतं, तरी तिच्या बॉनेटखालचा पंखा जोरात फिरत होता आणि एसीचा कॉम्प्रेसर घुमत होता. दुसरी मात्र अगदी शांत. पहिलीच्या चार्जरच्या पडद्यावर आकडा ४५ किलोवॅटच्या आसपास टिकून होता. दुसरीचा पंधरा मिनिटांत २० पर्यंत उतरला. तिचे मालक वैतागून म्हणाले, “दादा, या चार्जरमध्ये दमच नाही.”

चार्जरचा यात दोष नव्हता. तो द्यायला तयार होता, गाडीच घेत नव्हती. बॅटरी तापली की पॅकमधला संगणक आत येणारा करंट कमी करतो, कारण गरम सेलमध्ये जबरदस्तीने करंट ढकलला तर सेलचं आयुष्य घटतं. पहिल्या गाडीतला पॅक द्रवाने थंड होत होता, दुसरीतला हवेने. त्या दुपारचा सगळा फरक एवढ्यातच होता.

बॅटरी मुळात तापते का, ते आधी पाहू. प्रत्येक सेलला थोडा अंतर्गत रोध असतो. त्यातून करंट गेला की उष्णता तयार होते, आणि ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट. उदाहरणासाठी ३० किलोवॅट-तासांचा, ३२० व्होल्टचा एक पॅक घेऊ आणि त्याचा एकूण रोध ०.१ ओहम धरू. ही गाडी ताशी ८० किलोमीटरने सपाट रस्त्यावर धावत असेल, तर करंट साधारण ४० ॲम्पिअर आणि उष्णता जेमतेम १६० वॅट. घरातल्या दोन छतपंख्यांना लागते तेवढी ही ताकद, आणि ती दोन-अडीचशे किलोच्या वजनात पसरलेली. पॅकला त्याचं काही वाटत नाही.

तीच गाडी ५० किलोवॅटच्या चार्जरला लावा. करंट १५६ ॲम्पिअरवर जातो आणि उष्णता २,४०० वॅटवर. पॅकच्या पोटात मोठा गीझर लावल्यासारखंच. १० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत भरायला पंचवीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात उष्णता बाहेर काढलीच नाही तर पॅक सुमारे २० अंशांनी तापतो. नागपूरच्या उन्हात तो मुळातच चाळिशीला असतो, म्हणजे शेवटी साठीला पोचणार. लिथियम सेलला पंचवीस-तीस अंश मानवतात. पंचेचाळिशीच्या पुढे बहुतेक गाड्या हात आखडता घेतात. करंट निम्मा केला तर उष्णता ६०० वॅटवर येते, वेळ दुप्पट लागला तरी तापमान दहाच अंशांनी वाढतं. दुसऱ्या गाडीने तेच केलं होतं.

आता ते २,४०० वॅट बाहेर कसे काढायचे? हवेने काढायचे म्हटलं आणि हवा पाचच अंश तापू द्यायची ठरवली, तर पॅकमधून सेकंदाला ४०० लिटर हवा खेळवावी लागेल. त्यासाठी सेलमध्ये रुंद फटी ठेवाव्या लागतात, त्यामुळे पॅक फुगतो आणि पंख्याचा आवाज प्रवाशांच्या कानाशी येतो. हेच काम पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण, म्हणजे कूलंट, मिनिटाला आठ लिटर फिरवून करतो. सेलच्या खाली किंवा मधून ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या असतात, त्यांतून तो वाहतो.

हवेची दुसरी अडचण मला अधिक गंभीर वाटते. बाहेर ४४ अंश असतील, तर ती हवा कितीही फिरवा, पॅक ४४ च्या खाली येणारच नाही. कूलंट मात्र चिलरमधून जातो. चिलरमध्ये एसीचा वायू एका बाजूने आणि कूलंट दुसऱ्या बाजूने फिरतो, त्यामुळे कूलंट बाहेरच्या हवेपेक्षा थंड होऊन पॅककडे परततो. पहिल्या गाडीचा कॉम्प्रेसर रिकाम्या गाडीतही घुमत होता तो यासाठी.

याचा धडा अमेरिकेत मिळाला. डिसेंबर २०१० मध्ये निसानने ‘लीफ’ बाजारात आणली. तिचा पॅक बंदिस्त होता, आत ना पंखा ना कूलंट. कवचातून जी उष्णता बाहेर जाईल तीच. थंड प्रदेशात ती चांगली चालली. पण ॲरिझोनातल्या फिनिक्समध्ये २०१२ च्या उन्हाळ्यात मालकांच्या लक्षात आलं, की बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्यांपैकी एकेक पट्टी विझते आहे. तिथे फास्ट चार्जिंगपेक्षा हवामानाचा दोष मोठा होता. बाहेरच चाळीस-पंचेचाळीस अंश, मग रात्रंदिवस उभ्या गाडीचा पॅकही गरमच. कंपनीने पुढच्या वर्षी क्षमतेची वॉरंटी जोडली आणि नंतर उष्णता अधिक सोसणारी रसायनं वापरली. २०२५ साली दाखवलेल्या नव्या लीफमध्ये मात्र द्रवाने थंड होणारा पॅक आहे.

मग सरळ सगळीकडे कूलंटच का नको? कारण त्याची किंमत मोजावी लागते. पंप, नळ्या, जोड, चिलर, झडपा यांनी वजन आणि खर्च दोन्ही वाढतात. कॉम्प्रेसर एक किलोवॅटच्या वर वीज खातो, तीही त्याच बॅटरीतली किंवा चार्जरमधली. एसी लावून गाडीतच बसलात, तर केबिन आणि पॅक एकाच कॉम्प्रेसरवर हक्क सांगतात. आणि जितके जोड, तितक्या गळतीच्या जागा. पॅकमध्ये कूलंट गळला तर इन्सुलेशन कमी होतं, गाडी लाल इशारा देते आणि बहुधा सुरू होत नाही. त्याच्या आधीची खूण बॉनेटखालीच दिसते: कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या रेषेकडे सरकू लागते. अशा वेळी नळाचं पाणी ओतू नये. त्यातल्या क्षारांनी ॲल्युमिनियमला गंज चढतो आणि द्रवातून वीजही जास्त वाहते. कंपनी सांगेल तोच कूलंट घालावा आणि पातळी का उतरली ते शोधावं.

हवेवर चालणाऱ्या पॅकमध्ये असा द्रव नाही, पण पंखा असेल तर धूळ असतेच. टोयोटाच्या प्रियससारख्या हायब्रिड गाड्यांत बॅटरीची हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून येते. तिथे कचरा आणि कुत्र्याचे केस साचले की हवा कोंडते, आणि काही सेल इतरांच्या आधी म्हातारे होतात. सेल साखळीसारखे जोडलेले असल्याने सगळ्यात कमजोर सेल थांबला की सगळा पॅक थांबतो.

दुचाकीचा हिशेब मात्र वेगळाच आहे. तीन किलोवॅट-तासांच्या स्कूटरला रात्री घरच्या सॉकेटवर ७०० वॅटने चार्ज करा. ५० व्होल्टचा पॅक आणि ०.०५ ओहम रोध धरला, तर करंट १४ ॲम्पिअर आणि उष्णता दहा वॅट. ॲल्युमिनियमचं कवच तेवढी सहज सोडून देतं, पंपाची गरज नाही. ती तापते घाट चढून आल्यावर. भर दुपारी घरी पोचल्या पोचल्या वायर लावू नका. स्कूटर अर्धा तास सावलीत उभी करा, सीट उघडून ठेवा, मग लावा.