सरासरी सीपीआय आणि प्रोग्रॅमला लागणारा वेळ

प्रोसेसरचे काम क्लॉकच्या ठोक्यावर चालते. दोन ठोक्यांमधल्या काळाला सायकल म्हणतात. २ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये सेकंदाला २०० कोटी सायकल होतात. प्रोग्रॅममधली एक आज्ञा पुरी व्हायला सरासरी किती सायकल लागतात, तो आकडा म्हणजे सीपीआय. ही सरासरी काढावी लागते, कारण सगळ्या आज्ञा सारख्या खर्चाच्या नसतात. प्रोसेसरच्या आतल्या दोन संख्यांची बेरीज चटकन होते, पण मेमरीतून आकडा आणायला बराच जास्त वेळ जातो.

समजा, एका साध्या प्रोसेसरवर बेरीज-वजाबाकीसारख्या गणिती आज्ञेला १ सायकल लागते, मेमरीतून वाचणाऱ्या लोडला ५, मेमरीत लिहिणाऱ्या स्टोअरला ३ आणि प्रोग्रॅमची वाट बदलणाऱ्या ब्रँचला २. एक प्रोग्रॅम चालताना एकूण २०० कोटी आज्ञा पार पडतात. त्यांत ५० टक्के गणिती, २० टक्के लोड, १० टक्के स्टोअर आणि २० टक्के ब्रँच आहेत. प्रोग्रॅमच्या मजकुरात किती ओळी आहेत याला इथे महत्त्व नाही. लूपमधली एकच आज्ञा कोटी वेळा चालली, तर ती कोटी वेळा मोजायची.

१, ५, ३ आणि २ यांची बेरीज करून चाराने भागले की २.७५ येतात. नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक ती हीच. प्रत्येक प्रकाराला त्याच्या वाट्याइतके वजन द्यायला हवे:

सीपीआय = ०.५×१ + ०.२×५ + ०.१×३ + ०.२×२ = २.२

म्हणजे एकूण सायकल २०० कोटी × २.२ = ४४० कोटी. सेकंदाला २०० कोटी सायकल होत असल्याने प्रोग्रॅमला २.२ सेकंद लागतात. बेरजेतली पदे सुटी सुटी पाहिली की खरा खर्च कुठे होतो तेही कळते. लोड आज्ञा पाचातली एकच, पण २.२ पैकी १ त्यांचा, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के वेळ त्यांच्यावर जातो. निम्म्या संख्येने असलेल्या गणिती आज्ञा २३ टक्क्यांतच भागतात.

आता कंपायलर सुधारला आणि त्याने निम्म्या गणिती आज्ञा अनावश्यक म्हणून काढून टाकल्या असे धरू. त्या १०० कोटींवरून ५० कोटींवर येतात, बाकीच्या तशाच राहतात. एकूण आज्ञा १५० कोटी, एकूण सायकल ३९० कोटी. सीपीआय ३९० ÷ १५० = २.६ आणि वेळ १.९५ सेकंद. सीपीआय वाढला, तरीही प्रोग्रॅम लवकर संपला! कारण सरळ आहे: स्वस्त आज्ञा गेल्या, महागड्या उरल्या, म्हणून सरासरी चढली, पण सायकलींची एकूण बेरीज उतरली. सेकंदाला किती आज्ञा होतात या मापाने पाहिले तर हाच प्रोसेसर आधी सुमारे ९१ कोटींवर होता, तो सुमारे ७७ कोटींवर घसरलेला दिसतो. वेळ कमी झालेला असताना हे माप उलटेच सांगते, म्हणून तुलना वेळेचीच करावी.

या पायरीवर आणखी एक फसगत होते. गणिती आज्ञांचा वाटा ५० वरून २५ टक्के केला जातो आणि बाकीचे टक्के जुनेच ठेवले जातात. मग सीपीआय १.९५ येतो आणि वेळ १.४६ सेकंद, दोन्ही चूक. त्या टक्क्यांची बेरीज ७५ भरते, यावरून चूक लगेच पकडता येते. नवे वाटे १५० कोटींच्या हिशेबाने काढायचे: गणिती ३३.३, लोड २६.७, स्टोअर १३.३ आणि ब्रँच २६.७ टक्के. टक्क्यांपेक्षा थेट सायकलींची बेरीज केलेली अधिक सोपी पडते.

प्रत्येक प्रकाराला ठरावीक सायकल हे गृहीतक मात्र लोडच्या बाबतीत टिकत नाही. हवा तो आकडा प्रोसेसरजवळच्या कॅशमध्ये नसेल, तर मुख्य मेमरीपर्यंत जावे लागते. मूळ प्रोग्रॅममधल्या ४० कोटी लोडपैकी ५ टक्के, म्हणजे २ कोटी, असे चुकले आणि प्रत्येकाला १०० सायकल जादा लागल्या, तर २०० कोटी सायकलींची भर पडते. सीपीआय २.२ वरून ३.२ होतो आणि वेळही ३.२ सेकंद. आजचे प्रोसेसर अनेक आज्ञा एकाच वेळी हाती घेतात, त्यामुळे त्यांचा सीपीआय १ च्या खालीही जाऊ शकतो. अशा वेळी प्रकारवार सायकलींचा तक्ता पुरत नाही, प्रत्यक्ष मोजावे लागते. लिनक्सवर त्यासाठी ही आज्ञा आहे:

```
perf stat ./program
```

ती cycles आणि instructions हे दोन्ही आकडे देते. पहिल्याला दुसऱ्याने भागले की सीपीआय मिळतो. शेजारी दिसणारा insn per cycle हा आकडा त्याच्या उलटा असतो: सीपीआय २.२ असेल तर तिथे ०.४५ दिसेल.