नोकरीची विचारपूस : पाच ओळींचा निरोप

आमच्या समाजातील वडील मंडळींनी मुंबईत नोकरीसाठी जे अर्ज लिहिले, त्यांचा एक ठरलेला थाट होता. वरती ‘सविनय नमस्कार’, खाली ‘आपला नम्र’, आणि मध्ये एक-दोन पाने मजकूर. इस्रायलमध्ये आज कामगार भरतीचे बहुतेक बोलणे व्हॉट्सॲपवर चालते. भरतीच्या कंपनीतील, म्हणजे ‘हेव्रात हासामा’मधील अधिकारी मुलाखतीची वेळ त्यावरच कळवितात, ‘कोरोत खायीम’ त्यावरच मागवितात, आणि मुलाखतीनंतर पुष्कळदा त्यावरच गप्प होतात. अशा वेळी विचारपूस कशी करावी, हा प्रश्न आमच्या अनेक घरांत उपस्थित होतो. त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, ज्या अधिकाऱ्याला आपण लिहितो त्याच्यापाशी एकाच वेळी अनेक जागा आणि प्रत्येक जागेसाठी अनेक उमेदवार असतात. आपला क्रमांक त्याने जपून ठेवलेला असेलच असे नाही. नसेल तर त्याच्या फोनवर आपले नाव न दिसता नुसता क्रमांक दिसतो. शिवाय फोन बंद पडद्याचा असताना निरोपाचे आरंभीचे काही शब्द तेवढे वर उमटतात. म्हणून ‘मी कोण’ आणि ‘कोणत्या जागेविषयी’ या दोन गोष्टी पहिल्याच ओळीत आल्या पाहिजेत. मागचा संवाद चाळून आपली ओळख शोधून काढण्याचे काम त्याच्यावर टाकले, की तो निरोप ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला पडतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, अश्दोद येथील रूथबाईंची रिशोन लेत्सियोन येथील एका कचेरीत हिशेबनिसाच्या जागेसाठी मंगळवारी मुलाखत झाली. भरती अधिकारी मीखाल यांनी ‘रविवारपर्यंत कळवीन’ असे सांगितले. रविवार गेला, सोमवारही गेला. आमच्या सवयीप्रमाणे रूथबाई असे लिहितील : ‘शालोम मॅडम.’ मग, ‘कशा आहात?’ मग, ‘आपल्याला एक विचारायचे होते.’ मग पाच मिनिटे थांबून खरा प्रश्न. मीखाल यांच्या फोनवर चार वेळा घंटी वाजते, आणि पहिल्या तीन घंटींत काहीच हाती लागत नाही. आपल्याला जे आर्जव वाटते, ते तेथे अडथळा ठरते.

त्याऐवजी मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास एकच निरोप जावा :

‘शालोम मीखाल, मी रूथ, रिशोन लेत्सियोन येथील हिशेबनिसाच्या जागेची उमेदवार. गेल्या मंगळवारी माझी मुलाखत झाली. रविवारपर्यंत निर्णय कळेल असे ठरले होते. काही नवे समजले आहे काय? आणखी एखादा कागद हवा असल्यास आजच पाठवीन. तोदा.’

यात नाव आहे, जागा आहे, दिवस आहे, त्यांच्याच शब्दाची आठवण आहे, आणि प्रश्न एकच आहे. मीखाल यांना ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘अजून नाही’ एवढेच लिहावे लागते. शिवाय हा निरोप त्या जसाच्या तसा कचेरीच्या मालकाकडे पुढे पाठवू शकतात. ध्वनिमुद्रित निरोप याच कारणाने टाळावा. तो ऐकण्यास निवांत जागा लागते, आणि पुढे शब्दाने शोधू म्हटले तर सापडत नाही.

हिब्रूत लिहिताना दोन गोष्टी आमच्या लोकांना अडतात. पहिली अशी की, मराठीतील ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ यांसारखे आदरार्थी सर्वनाम या भाषेत नाही, आणि पहिल्या नावाने हाक मारणे येथे उद्धटपणाचे मानीत नाहीत. ‘शालोम मीखाल’ एवढे पुरेसे सभ्य आहे. दुसरी अडचण लिंगाची. ‘मला या जागेत रस आहे’ असे लिहिताना पुरुष ‘मेउन्यान’ लिहितो, स्त्री ‘मेउन्येनेत’ लिहिते. मुलाने किंवा यजमानांनी लिहून दिलेला मजकूर जसाच्या तसा उतरविला, की स्त्रीच्या निरोपात पुरुषाचे रूप राहून जाते. प्रश्नासाठी ‘येश इदकून?’, म्हणजे ‘काही नवीन बातमी आहे का?’, हे शब्द बरे, कारण त्यात लिंगभेद येतच नाही. तरीही चूक राहिलीच, तर पाठविल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत मजकूर दुरुस्त करता येतो. पुसून पुन्हा पाठविल्यास मात्र ‘निरोप पुसला’ अशी खूण मागे राहते.

वेळेचाही विचार हवा. येथील कामाचा आठवडा बहुतेक कचेऱ्यांत रविवार ते गुरुवार असतो. शुक्रवारी दुपारी किंवा सणाच्या आदल्या दिवशी पाठविलेला निरोप दोन दिवसांच्या ढिगाखाली जातो. तिश्री महिन्यात ‘अखरे हाखागीम’, म्हणजे सणांनंतर, असे उत्तर आले तर ते टाळणे आहे असे लगेच समजू नये. त्या काळात कामे खरोखरच लांबणीवर पडतात. सणांनंतरच्या पहिल्या आठवड्याच्या मध्यास पुन्हा विचारावे.

निरोपापुढील दोन निळ्या खुणा म्हणजे तो उघडला गेला, एवढेच. ती सोय बंद ठेवणाऱ्यांच्या बाबतीत खुणा करड्याच राहतात. म्हणून निळी खूण नाही यावरून ‘वाचलाच नाही’ असे ठरविता येत नाही, आणि आहे यावरून ‘मुद्दाम उत्तर देत नाहीत’ असेही म्हणता येत नाही. खुणांकडे पाहून तिसऱ्या तासाला दुसरा निरोप पाठविणे हे सर्वांत जास्त हानी करते. ‘अजून निर्णय नाही’ असे उत्तर आल्यास ‘तोदा, समजले. पुढील मंगळवारी पुन्हा विचारले तर चालेल ना?’ असे लिहून दिवस ठरवून घ्यावा. उत्तरच न आल्यास एक आठवडा थांबून दुसरा, अधिक लहान निरोप पाठवावा. त्यालाही उत्तर नसेल, तर तिसरा पाठवू नये. एकदा कचेरीत फोन करावा आणि दुसरीकडे अर्ज चालू ठेवावेत.

येथे कायद्याचाही थोडा आधार आहे. कामगारांस व उमेदवारांस माहिती देण्याविषयीच्या २००२ च्या कायद्यात २०१४ साली भर पडली. तिच्यानुसार निवड चालू असेतोपर्यंत निदान दर दोन महिन्यांनी उमेदवारास लेखी कळविणे, आणि जागा दुसऱ्यास दिल्यावर चौदा दिवसांच्या आत नकार कळविणे, हे मालकाचे कर्तव्य आहे. लहान आस्थापनांना यातून सूट आहे. पण विचारपुशीच्या निरोपात कायद्याचे नाव काढू नये, कारण तेथे ते भांडणासारखे वाचले जाते. त्याचा उपयोग एवढाच की, उत्तर मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे, हे ध्यानात ठेवून आमच्या भगिनींनी व बंधूंनी आपल्या पाच ओळी संकोच न बाळगता लिहाव्यात.