तुमचा एसओपी कोणत्या ओळीपासून वाचला जातो?

परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरताना महिनाभर खपून तुम्ही दोन पानांचा एसओपी लिहिता. पण तो वाचणाऱ्या प्राध्यापकासमोर त्या संध्याकाळी असे कितीतरी अर्ज असतात. तो ओळ न् ओळ वाचत नाही, चाळतो. पहिला परिच्छेद बऱ्यापैकी वाचतो. पुढे प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ पाहतो, मधे एखादा आकडा, यंत्राचे किंवा गावाचे नाव दिसले तर थांबतो आणि शेवटच्या परिच्छेदावर नजर टाकतो. काही सापडले, तरच मागे वळून नीट वाचतो.

माझ्या भाचीचे उदाहरण घ्या. तिला अमेरिकेत पर्यावरण अभियांत्रिकीत एमएस करायचे होते. पहिल्या मसुद्यात सुरुवातीला एका थोर माणसाचे वचन आणि लहानपणापासूनची नदीची ओढ होती. मग दहावी-बारावीचे टक्के, कॉलेजातले विषय, चौथ्या परिच्छेदात प्रोजेक्ट, नंतर विद्यापीठाची स्तुती आणि शेवटी आभार.

मी तिला प्रत्येक परिच्छेदाची फक्त पहिली ओळ वेगळ्या कागदावर उतरवायला लावली. सहा ओळी झाल्या. त्या वाचून ती म्हणाली, ‘‘मावशी, यात मी काय केलंय तेच कळत नाही.’’ ही चाचणी तुम्हीही करून बघा, पाच मिनिटांचे काम आहे.

खरे तर तिचा प्रोजेक्ट दमदार होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त होते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. तिने अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचा फिल्टर बनवला. प्रयोगशाळेत तयार केलेल्या पाण्यावर तो उत्तम चालला, विहिरीच्या पाण्यावर मात्र लवकरच थकला, कारण त्या पाण्यातले बायकार्बोनेट फ्लोराइडची जागा अडवत होते. हे कारण तिने स्वतः शोधले आणि पुढे त्यावरच काम करायचे ठरवले. एवढी मोलाची गोष्ट चौथ्या परिच्छेदाच्या मधोमध, ‘याशिवाय मी एक प्रोजेक्टही केला’ या ओळीमागे दडली होती.

आपल्याला शाळेपासून निबंधाची सवय, आधी प्रस्तावना आणि मुद्दा सावकाश. चाळणारा माणूस तोवर थांबत नाही.

मग आम्ही क्रम उलटा केला. पहिली ओळ अशी झाली, ‘प्रयोगशाळेत चाललेला माझा फ्लोराइड फिल्टर विहिरीच्या पाण्यावर का थकला, या प्रश्नामुळे मी हा अर्ज करत आहे.’ त्याच परिच्छेदात तिला पुढे काय शिकायचे आहे तेही आले. दुसऱ्या परिच्छेदात प्रयोगाचा तपशील, म्हणजे काय मोजले, काय फसले आणि कारण कसे सापडले. नुसता दावा वर आणून भागत नाही. वाचणारा मागे वळून येतो तेव्हा त्याला खालीच पुरावा हवा असतो, नाहीतर ती ओळ पोकळ वाटते.

टक्के आणि विषयांचे दोन्ही परिच्छेद काढून टाकले, कारण गुणपत्रक आणि सीव्ही त्याच अर्जात असतात. फक्त तिसऱ्या सेमिस्टरला आजारपणामुळे घसरलेल्या गुणांचे कारण दोन वाक्यांत ठेवले, तेही मधे. अशी गोष्ट सुरुवातीला टाकली तर वाचणारा पुढचे सगळे त्याच चष्म्यातून बघतो, शेवटी टाकली तर तीच लक्षात राहते.

विद्यापीठाच्या स्तुतीऐवजी तिथल्या कोणत्या प्रयोगशाळेत तिच्या प्रश्नाशी जुळणारे काम चालते, ते लिहिले. विद्यापीठाचे नाव बदलून तोच परिच्छेद दुसरीकडे पाठवता येत असेल, तर वाचणाऱ्यालाही ते लगेच समजते. शेवटचा परिच्छेद आभाराचा होता, तिथे आता पहिल्या वर्षी ती नेमके काय तपासणार ते आले.

एक मात्र सांभाळा. पहिली ओळ चमकदार करण्याच्या नादात विहिरीवरचा नाट्यप्रसंग रंगवू नका. भाचीनेही एकदा रंगवला होता, पाच ओळी गेल्या तरी फिल्टर आला नव्हता.

इंग्लंडमध्ये पदवीसाठी अर्ज करत असाल तर क्रमाचा बराचसा प्रश्न अर्जानेच सोडवला आहे. २०२६ च्या प्रवेशांपासून यूकॅसच्या निवेदनात एका सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आहेत : हा विषय का, अभ्यासाने तुमची तयारी कशी झाली आणि शिक्षणाबाहेर काय केले. सगळे मिळून जागांसह ४,००० अक्षरे आणि प्रत्येक उत्तर किमान ३५० अक्षरांचे. इथे पहिल्या ओळी तीन आहेत. ‘मला लहानपणापासून आवड आहे’ या वाक्यावर त्यातली एकही घालवू नका.