पाळीचा पहिला दिवस नेमका कोणता?

मूल होत नाही म्हणून तपासण्या सुरू झाल्या, नवऱ्याची वीर्यतपासणीही झाली, की डॉक्टर चिठ्ठीवर तीन अक्षरं लिहितात: एचएसजी. बायका तिला ‘नळ्यांची तपासणी’ म्हणतात. अंडं बीजकोशातून गर्भाशयाकडे ज्या दोन नळ्यांतून येतं, त्या मोकळ्या आहेत का आणि गर्भाशयाची पोकळी आतून कशी आहे, हे या एक्स-रेत दिसतं. पण ही तपासणी महिन्यातल्या मोजक्याच दिवसांत करता येते, आणि अनेकींची गडबड होते ती हे दिवस मोजण्यातच.

एक उदाहरण घेऊ. एका बाईची पाळी २६ दिवसांची आहे. सोमवारी संध्याकाळी थोडासा डाग दिसला आणि बुधवारी सकाळी नीट रक्तस्राव सुरू झाला. तिने सोमवार पहिला दिवस धरून फोन केला आणि सहाव्या दिवसाची, म्हणजे शनिवारची वेळ घेतली. शनिवारी ती गेली तेव्हा रक्त जात होतं, म्हणून परत पाठवलं. नुसता डाग मोजायचा नसतो. नीट रक्त जायला लागलं तो दिवस पहिला, आणि त्या हिशेबाने शनिवार चौथाच होता. नवी वेळ पुढच्या बुधवारची मिळाली, आठव्या दिवसाची.

रक्तस्राव पूर्ण थांबल्यावर आणि अंडं सुटण्याआधी, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान ही तपासणी करतात. रक्त जात असताना औषध रक्तवाहिन्यांत शिरू शकतं आणि गुठळ्यांमुळे चित्रही फसवं येतं. उशीर झाला तर आतलं अस्तर जाड होतं, आणि त्याचे उंचवटे मस्सा किंवा गाठ असल्यासारखे दिसू शकतात. शिवाय त्या महिन्यात गर्भ राहिला असेल तर त्याला एक्स-रेची झळ नको. म्हणूनच पाळी सुरू झाल्यापासून तपासणी होईपर्यंत संबंध टाळायला सांगतात. पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी अंडं सुटतं, म्हणजे हिचं बाराव्या दिवसाच्या आसपास. पाळी २३-२४ दिवसांची असेल तर हाती जेमतेम दोन-तीन दिवस राहतात.

तपासणीत गर्भाशयाच्या तोंडातून बारीक नळी घालून एक्स-रेत पांढरं दिसणारं औषध हळूहळू सोडतात. ते पोकळीत भरतं, दोन्ही नळ्यांत शिरतं आणि टोकाशी पोटात सांडतं. सांडलं, तर नळी मोकळी. पाळीत दुखतं तशी कळ येते, म्हणून तासभर आधी वेदनाशामक गोळी देतात.

हिच्या फिल्मवर डाव्या बाजूचं औषध सांडलेलं दिसलं. उजव्या बाजूला ते गर्भाशयाच्या कोपऱ्याशीच अडलं होतं. रिपोर्टवर ‘उजवी नळी बंद’ एवढंच आलं, आणि घरात रडारड झाली. मला इथे कळकळीने सांगायचं आहे की कोपऱ्यातला अडथळा दरवेळी खरा नसतो. तिथला स्नायू वेदनेने किंवा औषधाच्या दाबाने आखडतो आणि उघडी नळी बंद भासते. टोकाशी फुगून पाणी साचलेली नळी ही वेगळी गोष्ट, ती खरोखर खराब झालेली असते. आपल्याकडे त्यामागे क्षयही असू शकतो, म्हणून अशा वेळी त्याचाही शोध घ्यावा लागतो.

याच फिल्मवर आणखी एक गोष्ट होती. पोकळी इंग्रजी ‘वाय’सारखी दुभागलेली दिसत होती. पण एचएसजीला फक्त आतली बाजू दिसते. गर्भाशय बाहेरूनही दोन भागांत वाटलेलं आहे, की बाहेरून अखंड असून आत नुसता पडदा आहे, हे त्यावरून ठरत नाही. हा भेद मोठा आहे. पडदा दुर्बिणीतून कापता येतो, तो कापावा का याबद्दल मात्र डॉक्टरांत एकमत नाही. बाहेरून दुभागलेलं गर्भाशय पडदा समजून कापायला गेलं तर भोक पडण्याचा धोका असतो.

त्यासाठी तिला योनीमार्गातून थ्रीडी सोनोग्राफी सांगितली, आणि तीही विसाव्या दिवशी! ती गोंधळली, कारण आधी सगळे लवकर या म्हणत होते. पण एचएसजीला नको असलेलं जाड अस्तर इथे कामाचं असतं. ते सोनोग्राफीत पांढरं उठून दिसतं आणि पोकळीची कड स्पष्ट उमटते. हिच्या गर्भाशयाचा माथा बाहेरून सपाट निघाला. आत पडदा होता.

पुढे बेशुद्ध करून दुर्बिणीने पोटात पाहिलं आणि खालून निळं औषध सोडलं. स्नायू सैल होते. दोन्ही नळ्यांच्या टोकांतून निळा थेंब बाहेर आला, उजव्या बाजूनेही.